संध्याकाळच्या चिवड्याचं मूळ सकाळी सात वाजता

*"मी ४१ वर्षांची, वजन ६४ किलो. गेल्या ऑगस्टपासून वारजे ते हिंजवडी सायकलने ऑफिसला जाते. एका बाजूला साधारण १५ किलोमीटर, ५५ मिनिटं. वजन उतरावं म्हणून सकाळी काहीच न खाता निघते, थेट दीड वाजता डबा उघडते. रस्त्यात बायकांना जायला जागा नाही, म्हणून पाणीही पीत नाही. तसा मला घाम फारसा येतच नाही. ऑफिसात पोचल्यावर लिटरभर पाणी एकदम पिते. अकराच्या सुमारास डोकं धरतं. संध्याकाळी घरी आले की मात्र ताबा सुटतो. चिवडा, शेव, बिस्किटं, चहा, आणि वर जेवण. सहा महिन्यांत वजन दीड किलोने वाढलंय. नवरा म्हणतो, प्रोटीन पावडर सुरू कर. मैत्रीण म्हणते, रोज ओआरएस घे. माझा जिभेवर ताबा नाही, हेच खरं का?"*

नाही, ते खरं नाही. चिवड्याच्या डब्याशी तुमची गाठ संध्याकाळी साडेसातला पडते, पण ती गाठ मारलेली असते सकाळी. तुमचा दिवस घड्याळासमोर ठेवून पाहू. रात्रीचं जेवण साडेआठला. पुढचा घास दीड वाजता. म्हणजे १७ तास पोटात काही नाही, आणि त्यात चांदणी चौकाचा चढ धरून तासभराची मेहनत. मग दीडच्या डब्यानंतर पुन्हा संध्याकाळी साडेसहापर्यंत काही नाही आणि परतीचा तोच चढ. अशा दिवसानंतर कुणाचाही हात बरणीकडेच जाईल. माझाही जातो. मी स्वतः कोथरूडहून रोज सायकलने दवाखान्यात जाते आणि ज्या दिवशी दुपारनंतरचं खाणं चुकतं, त्या दिवशी घरात शिरल्यावर चपला काढायच्या आधी शेंगदाण्याची बरणी उघडते.

आता हिशोब. तुमच्या वजनाच्या व्यक्तीला या वेगाने ५५ मिनिटं सायकल चालवायला बसून राहण्यापेक्षा साधारण ३२५ ते ३५० कॅलरी जास्त लागतात. दोन्ही वेळचे मिळून ६५० ते ७००. तळलेल्या फरसाणाच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. बोलता बोलता संपवलेला मोठा वाडगा, चार बिस्किटं आणि दोन कप साखरेचा चहा, एवढ्यात दिवसभराची सायकल वळती होते. त्यावर जेवण असतंच. सायकल वाया जात नाही, हृदय, फुप्फुसं, साखर यांचा फायदा मिळतोच. पण काट्यावर तो दिसणार नाही.

उपाशीपोटी सायकल चालवली की चरबी जळते, हा समज अर्धा खरा आहे. त्या ५५ मिनिटांत शरीर चरबीचा वाटा थोडा जास्त वापरतं, हे बरोबर. पण दिवसाच्या शेवटी, एकूण खाणं तेवढंच असेल तर, चरबी घटण्यात फरक पडत नाही. सकाळी जास्त चरबी वापरली तर उरलेल्या दिवसात शरीर साखर जास्त वापरून हिशोब जुळवतं. बरं, उपाशी निघणं धोक्याचंही नाही. रात्री नीट जेवलेल्या माणसाच्या स्नायूंत सकाळी साखरेचा पुरेसा साठा असतो. रात्रभरात आटतो तो यकृतातला छोटा साठा, रक्तातली साखर सावरून धरणारा. म्हणून काहींना उपाशी निघाल्यावर चढावर हात थरथरतात, गार घाम येतो, डोळ्यांसमोर अंधारी येते. तुम्हाला तसं होत नसेल तर उपाशी निघा, माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती पोचल्यानंतरच्या पाच तासांना.

म्हणून न्याहारी दोन तुकड्यांत घ्या. निघण्याआधी अर्धं केळं किंवा दोन खजूर किंवा राजगिऱ्याचा एक लाडू, आणि हवा तर चहा. निघायच्या आधी इतकंच, कारण तेलातुपाचं खाणं पोटातून हळू सरकतं आणि चढावर वाकून जोर लावला की घशाशी येतं. साबुदाण्याची खिचडी खाऊन चांदणी चौक चढलेल्यांना मी काय म्हणते ते कळेल. खरी न्याहारी डब्यात घालून न्या आणि पोचल्यावर, अंग पुसून कपडे बदलले की खा. पोचल्यापासून तासाभरात.

त्या डब्यात काय? आपल्याकडे न्याहारी म्हणजे पोहे, उपमा, शिरा. यांतून पिठूळ भाग भरपूर मिळतो, प्रथिनं जेमतेम. ५० ग्रॅम कोरडे पोहे भिजवून केले तर एक भरलेली बशी होते, त्यात प्रथिनं चारएक ग्रॅम. मूठभर शेंगदाणे घातले तर आणखी पाच-सहा. तुमच्यासारख्या रोज दोन तास पाय चालवणाऱ्या बाईला एका खाण्यात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळाली तर स्नायूंची झीज भरून निघते आणि, तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं म्हणजे, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. म्हणजे पोह्यांसोबत दोन उकडलेली अंडी. अंडी चालत नसतील तर ६० ग्रॅम मुगाची धिरडी आणि वाटीभर दही, यातही वीसच्या जवळ जाता. मटकीची उसळ आणि पोळी ही तर रात्रीच करून ठेवता येते. मात्र एप्रिल-मेमध्ये दही घट्ट झाकणाच्या डब्यात, पिशवीत सगळ्यात आत ठेवा, नाहीतर हिंजवडीत पोचेपर्यंत त्याचा रंग आणि बाज दोन्ही बदलतात.

नवऱ्याच्या पावडरीचं उत्तरही इथेच आलं. वाईट काही नाही त्यात, पण तुमच्या ताटात जी पोकळी आहे ती सकाळच्या डब्याची आहे. ती अंड्याने, मुगाने भरते आणि पुष्कळ स्वस्तात भरते.

आता पाणी. "घाम फारसा येत नाही" या वाक्यापाशी मी थांबले. सायकल चालवताना अंगावरून सतत वारा जातो. पुण्याची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी. त्वचेवर आलेला घाम जागच्या जागी उडून जातो, म्हणून तो दिसत नाही. दिसतो केव्हा? तुम्ही सायकल लावून लिफ्टमध्ये उभ्या राहता तेव्हा. वारा थांबला, शरीर अजून तापलेलं, आणि एकदम धारा लागतात. मुंबईत किंवा पणजीत सायकल चालवणाऱ्यांचं उलटं असतं. दमट हवेत घाम उडतच नाही, नुसता निथळतो, त्यामुळे त्यांना गेलेलं पाणी डोळ्यांना दिसतं. तुमचं दिसत नाही, इतकाच फरक. म्हणून अंदाज नको, मोजून बघा.

एखाद्या रविवारी, नेहमीच्याच वेळी आणि नेहमीच्याच वेगाने ५५ मिनिटं सायकल चालवा. निघण्याआधी लघवीला जाऊन या आणि कमीत कमी कपड्यांत वजन करा. काटा फरशीवर ठेवा, पायपुसण्यावर किंवा गालिच्यावर नको. बाटलीत मोजून पाणी भरा. परत आल्यावर अंग, केस कोरडे पुसा, घामाने भिजलेले कपडे काढा आणि लघवीला जायच्या आधी पुन्हा वजन करा. एक किलो वजन कमी म्हणजे एक लिटर पाणी गेलं, असा सरळ हिशोब. त्यात वाटेत प्यालेलं पाणी मिळवायचं.

समजा निघताना ६४.२ किलो भरलं, आल्यावर ६३.७, आणि वाटेत २५० मिलिलिटर पाणी प्यालात. अर्धा किलो घटलं म्हणजे अर्धा लिटर, अधिक पाव लिटर, एकूण पाऊण लिटर घाम. हे झालं थंडीतल्या सकाळचं. घरचे काटे शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे दाखवतात, म्हणून एका मापावर भरवसा ठेवू नका, दोन-तीन रविवारी बघा आणि मधला आकडा धरा. मग एप्रिलमध्ये एकदा संध्याकाळी मोजा. पारा ३८ वर असताना त्याच रस्त्याला लिटरभर किंवा जास्तही घाम गेलेला दिसला तर नवल नको. माणसामाणसात फरक मोठा असतो. एकाच वेगाने, एकाच हवेत चालणाऱ्या दोघांपैकी एकाचा घाम दुसऱ्याच्या दुप्पट असू शकतो. म्हणून "रोज चार लिटर प्या" असले सर्वांसाठीचे सल्ले मला पटत नाहीत.

वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त पाणी गेलं की दम लवकर लागतो, लक्ष उडतं, डोकं जड होतं. तुमच्यासाठी ही रेघ पावणेतेरा-तेराशे मिलिलिटरवर आहे. सकाळच्या एका फेरीत ती तुम्ही ओलांडत नाही. पण तुम्ही निघताच मुळात कोरड्या. रात्रभर पाणी नाही, उठल्यावर नाही, वाटेत नाही. त्यात पाऊण लिटर गेलं. अकराच्या डोकेदुखीचा पहिला संशयित मला इथेच दिसतो, दुसरा उपाशी पोट. न्याहारी आणि पाणी सुरू करूनही तीन आठवड्यांत ती गेली नाही, तर डोळे आणि रक्तदाब तपासून घ्या, रक्तातलं हिमोग्लोबिनही.

पोचल्यावर लिटरभर पाणी एकदम पिण्याने हे भरून निघत नाही. रिकाम्या पोटी, मिठाशिवाय, घाईने पाणी ओतलं की रक्त तेवढ्यापुरतं पातळ होतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकायच्या मागे लागतं. तासाभरात दोनदा उठावं लागतं, लघवी पाण्यासारखी पांढरी, आणि घसा पुन्हा कोरडा. हेच पाणी न्याहारीबरोबर, दीड-दोन तासांत थोडं थोडं घेतलं, तर डब्यातल्या मिठामुळे ते अंगात टिकतं. पोहे खाताना एक पेला, मग टेबलावरच्या बाटलीतून अकरापर्यंत आणखी दोन.

राहिला स्वच्छतागृहाचा प्रश्न. याला मी समज म्हणणार नाही, ती वस्तुस्थिती आहे, आणि हायवेच्या कडेने जाणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. पण त्यावर तहानलेलं राहणं हा महागडा उपाय आहे, कारण सतत कमी पाणी पिणाऱ्या बायकांना मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होतो. उपाय वेळ साधण्यात आहे. प्यालेल्या पाण्याची लघवी व्हायला साधारण तास-दीड तास लागतो. तुम्ही सव्वासातला निघत असाल तर पावणेसहाला उठल्या उठल्या २५० ते ३०० मिलिलिटर पाणी प्या. निघायच्या आधी एकदा जाऊन या. त्यानंतर घरी काही पिऊ नका. वाटेत मात्र दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या, सगळे मिळून २५०-३०० मिलिलिटर. याची भीती वाटते, पण मेहनत चालू असताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं, मूत्रपिंडाकडचा ओघ कमी होतो, लघवी तयार व्हायचं काम मंदावतं. ते घोट घामाची जागा भरतात. खात्री हवी तर आधी रविवारी, घराभोवतीच्या रस्त्यांवर करून बघा. चहा उठल्या उठल्या घेतलात तर तोही याच हिशोबात धरा. कपभर चहाने शरीर कोरडं पडत नाही, पण काहींना घाईची लागते.

पुरेसं पाणी जातंय की नाही हे कळायला काटा रोज नको. दुपारच्या लघवीचा रंग बघा. फिकट लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक. गडद, मोहरीच्या तेलासारखा असेल तर कमी पडतंय. दिवसभर अगदी पाण्यासारखी असेल तर गरजेपेक्षा जास्त पिताय. बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रंग भडक पिवळा येतो, तेव्हा ही खूण फसवते.

मैत्रिणीच्या ओआरएसबद्दल. ती पुडी जुलाबासाठी बनवलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची एक पुडी लिटरभर पाण्यात घातली की त्यात जवळजवळ अडीच ग्रॅम मीठ जातं. आतड्यांतून धो धो पाणी चाललेल्या माणसासाठी ते योग्य. जानेवारीत पाऊण लिटर घाम गाळून ऑफिसात बसणाऱ्या, डब्यात लोणचं-चटणी खाणाऱ्या बाईला त्याची रोज गरज नाही. आणि दुकानातली खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली, ती याच गोंधळापायी.

उन्हाळ्यात मात्र मिठाकडे बघावं लागतं. लिटरभर घामातून सरासरी दोन ग्रॅमच्या आसपास मीठ जातं, कुणाचं याच्या निम्मं तर कुणाचं दुप्पट. तुमचं जास्त जातंय का हे काळा टी-शर्ट सांगतो. वाळल्यावर पाठीवर, काखेशी पांढऱ्या रेघा उमटल्या, हेल्मेटचे पट्टे कडक झाले, घाम डोळ्यांत गेल्यावर झोंबलं, तर तुम्ही खाऱ्या घामाच्या. मार्चच्या मध्यापासून, विशेषतः परतीच्या फेरीसाठी, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अर्धं लिंबू, दोन छोटे चमचे साखर आणि एक अष्टमांश छोटा चमचा मीठ घाला. मीठ मोजायचं तर पाव चमचा घेऊन त्याचा निम्मा करा. चव जेमतेम खारट लागली पाहिजे, समुद्राची आठवण आली तर जास्त झालं. कोकम सरबत, गुळाचं पन्हंही चालेल, फक्त दुप्पट पातळ करून. आणि साखरेची बाटली त्याच रात्री धुवा, झाकणाची रबरी चकती काढून. तिच्याखाली जी काळी बुरशी धरते ती एकदा पाहिलीत की पुन्हा विसरणार नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीचे दहा-बारा दिवस वेग उतरवा. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण तेवढाच काळ लागतो. त्यानंतर घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि कमी खारट होतो. या दिवसांत उन्हात चालवताना मळमळलं, अंगावर काटा आला, डोकं गरगरलं तर सावलीत थांबा, अंगावर पाणी ओता, रिक्षा करा. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तर तो उष्माघात, तिथे सरबताचं काम नाही. रुग्णालय गाठायचं, आणि वाटेतही अंग ओलं करत राहायचं.

आता परत चिवड्याकडे. त्याच्याशी लढाई घरी नाही, ऑफिसात पाच वाजता लढायची. निघण्याच्या तास-दीड तास आधी दोनेकशे कॅलरींचं खा: एक केळं आणि मूठभर फुटाणे, किंवा फुटाणे आणि गुळाचा खडा, किंवा शेंगदाण्याच्या चिक्कीचे दोन छोटे तुकडे आणि एखादं फळ. सोबत पेलाभर पाणी. फुटाण्यांचा डबा खणात ठेवला की रोज आणायची कटकट नाही. कँटीनचा वडापाव नको, त्याच कारणाने ज्या कारणाने सकाळी खिचडी नको. तुम्हाला वाटेल, वजन उतरवायला निघाले आणि ही बाई दोनशे कॅलरी वाढवायला सांगते. बरोबर. त्या दोनशे खाल्ल्या नाहीत म्हणून सहा महिने रोज साडेसहाशे-सातशे खाताय.

घरी पोचलात की आधी ताक. दोन पेले, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घालून. एप्रिलमधल्या संध्याकाळी लिटरभर घाम गेला, वाटेत अर्धा लिटर प्यालात, तर तूट अर्ध्या लिटरची. दोन पेले ताक आणि जेवणातली आमटी, पाणी मिळून ती रात्री झोपेपर्यंत सहज भरते. आणखी बाटल्या रिकाम्या करायची गरज नाही, नाहीतर रात्री दोनला उठाल. ताकानंतर आंघोळ, आणि आंघोळीनंतर थेट जेवण. मधला तास चहात घालवू नका, चिवडा त्याच फटीतून आत येतो. जेवण नेहमीचंच: दोन पोळ्या किंवा भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, भाजी, थोडा भात. "रात्री भात नको" हा नियम तुमच्यासाठी नाही. सकाळी जो चढ चढायचा आहे त्याचा साठा स्नायूंत याच जेवणातून भरतो, आणि म्हणूनच सकाळी अर्ध्या केळ्यावर निघता येतं.

तुमच्यासारखं लिहिणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. घर ते ऑफिस पाच-सहा किलोमीटर असेल तर यातलं फारसं काही लागत नाही, वेळेवर न्याहारी आणि पेलाभर पाणी पुरे. आणि रक्तदाबाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मिठाचं पाणी, तर मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी सायकल, स्वतःच्या मनाने सुरू करू नये. औषधाची मात्रा आणि वेळ डॉक्टरांशी बोलून बदलावी लागते.

सगळं एकदम बदलू नका. पहिले दोन आठवडे फक्त ऑफिसातली न्याहारी आणि पाच वाजताचे फुटाणे. वजन या काळात बघूच नका, साठे आणि पाणी भरल्याने काटा अर्धा-पाऊण किलो वरही जाईल. संध्याकाळी दारात शिरताना भूक कशी आहे, एवढंच रोज कॅलेंडरवर एक ते पाच आकड्यांत लिहा. दोन आठवड्यांनी ते पान मला पाठवा, मग एप्रिलच्या बाटलीचं बोलू.